‘नॉन-रिफंडेबल’ खोली हॉटेलनेच रद्द केली, तर पैसे परत कसे मिळवायचे?

कासचा हंगाम जवळ आला की साताऱ्यात खोल्यांचे भाव कसे उड्या मारतात, हे इथं राहणाऱ्याला सांगायला नको. जुलैत दोन-अडीच हजारांना मिळणारी खोली सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी चार-पाच हजारांवर जाते. मग जुलैतच स्वस्तात घेऊन ठेवलेलं तुमचं बुकिंग हॉटेलवाल्याच्या डोळ्यांत खुपायला लागतं. एक दिवस फोन येतो, ‘सर, जरा अडचण झालीय.’

माझ्या सांगलीच्या मेहुण्याला असा फोन आला होता. (सात माणसं आमच्या दोन खोल्यांच्या घरात मावणार नाहीत म्हणून त्यांनी हॉटेल घेतलं होतं. आमच्या हिनं ते अजून मनातून काढलेलं नाही, पण तो विषय वेगळा.) त्या प्रकरणाची सगळी कागदपत्रं मीच लावली. काय केलं, कुठं चुकता चुकता वाचलो आणि कायदा काय म्हणतो, ते त्याच क्रमानं सांगतो.

व्यवहार असा होता

दोन खोल्या, दोन रात्री. एका खोलीचा एका रात्रीचा दर २,४०० रुपये. म्हणजे ९,६०० रुपये आणि त्यावर ५ टक्के जीएसटीचे ४८०, मिळून १०,०८०. बुकिंगच्या संकेतस्थळाची सुविधा फी ३२० रुपये. एकूण १०,४०० रुपये क्रेडिट कार्डावरून आगाऊ गेले. दर ‘नॉन-रिफंडेबल’ होता, म्हणूनच तो स्वस्त होता.

मुक्कामाच्या बारा दिवस आधी हॉटेलच्या व्यवस्थापकाचा फोन आला: ‘ओव्हरबुकिंग झालंय, खोल्या देता येणार नाहीत. तुम्ही असं करा, ॲपवरून तुम्हीच कॅन्सल करा, आम्ही रिफंडला लगेच ओके देतो.’

मेहुण्यानं ॲप उघडलंही होतं. बटण दाबायच्या आधी त्यानं मला फोन केला, हे नशीब.

ते बटण तुम्ही दाबायचं नाही

या सगळ्या प्रकारात सर्वात महाग पडणारी चूक हीच. ‘नॉन-रिफंडेबल’ या अटीचा अर्थ एवढाच, की ग्राहकानं बेत बदलला तर त्याचे पैसे बुडतील. स्वस्त दराच्या बदल्यात तुम्ही बेत बदलायचा हक्क सोडलेला असतो. खोली मिळायचा हक्क सोडलेला नसतो. हॉटेलनं खोलीच दिली नाही, तर करार त्यांनी मोडला आणि ती अट त्यांच्या मदतीला येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ याला सेवेतील त्रुटी म्हणतो. भारतीय करार कायद्याचं ७३ वं कलम आणखी पुढं जातं: करार मोडणाऱ्यानं, त्यामुळं समोरच्याचं स्वाभाविकपणे जे नुकसान झालं तेही भरून द्यायचं.

पण बटण तुम्ही दाबलंत की नोंदीत ‘ग्राहकानं रद्द केलं’ असं येतं. मग संकेतस्थळाची यंत्रणा तुमच्या दराची अट वाचते आणि परतावा शून्य दाखवते. व्यवस्थापकाचं तोंडी ‘ओके’ कुठंच नोंदलेलं नसतं. बँकेत गेलात तरी हीच नोंद तुमच्या विरोधात पुढं येते.

हॉटेलवाला असं का सांगतो? त्यानं स्वतः रद्द केलं तर संकेतस्थळाकडं त्याची नोंद खराब होते, काही ठिकाणी दंड बसतो किंवा पर्यायी खोलीचा खर्च त्याच्या अंगावर येतो. तुमच्या बोटानं त्याचं काम झालं तर त्याला हवंच आहे. प्रत्येक व्यवस्थापक लबाडीनंच असं सांगतो, असं माझं म्हणणं नाही. चार संकेतस्थळांवर एकच खोली लावलेली असते आणि एकीकडची विक्री दुसरीकडं वेळेत कळत नाही, असंही खरंच घडतं. पण तो त्यांचा घरचा प्रश्न झाला.

पहिल्या तासाभरात: तोंडी आलेलं लेखी करून घ्या

फोनवरचं बोलणं हवेत विरतं. म्हणून मेहुण्याला फोन ठेवताक्षणी हॉटेलच्या व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर एकच मजकूर पाठवायला लावला, संकेतस्थळाच्या ग्राहक सेवेलाही त्याची प्रत टाकली:

‘आज सकाळी ११.१० वाजता आपल्या हॉटेलमधून फोन आला आणि ओव्हरबुकिंगमुळे आमच्या दोन खोल्या देता येणार नाहीत असे सांगण्यात आले. बुकिंग क्रमांक अमुक. आम्ही बुकिंग रद्द केलेले नाही व करणारही नाही. आम्हाला ठरल्या तारखांना खोल्या हव्या आहेत. त्या देणे शक्य नसेल तर आपण तसे लेखी कळवून बुकिंग आपल्या बाजूने रद्द करावे आणि पूर्ण रक्कम परत करावी. पर्यायी खोलीसाठी जादा खर्च झाल्यास तो आपल्याकडून मागण्यात येईल.’

यातलं ‘आम्हाला खोल्या हव्या आहेत’ हे वाक्य गाळू नका. तुम्ही यायला तयार होतात, हे त्यावरून ठरतं. व्यवस्थापकाचं उत्तर वीस मिनिटांत आलं: ‘सॉरी सर, रूम फुल आहेत, ॲपवर कॅन्सल करून घ्या.’ पुढच्या सगळ्या लढाईत सर्वात उपयोगी पडला तो हाच एक ओळीचा संदेश.

त्याच संध्याकाळी मी त्याच संकेतस्थळावर त्याच तारखा टाकून पाहिल्या. खोल्या ‘फुल’ होत्या ना? तिथं तीच खोली ४,३०० रुपयांना उपलब्ध दिसत होती. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवला. तुम्हीही हे जरूर तपासा, दुसऱ्याच्या फोनवरून लॉगिन न करता. खोली दिसली तर ओव्हरबुकिंगची कथा तिथंच संपते आणि प्रकरण अनुचित व्यापारी प्रथेकडं झुकतं.

हॉटेलकडून आणखी दोन गोष्टी सुचवल्या जातात. ‘पुढच्या महिन्यात या, तारीख बदलून देतो’ ही पहिली. कासला फुलं पाहायला येणाऱ्याला नोव्हेंबरची तारीख काय कामाची? ती नको असेल तर ‘मान्य नाही’ एवढं लेखी कळवा. गप्प बसलात तर होकार धरला जायची भीती असते. ‘शेजारच्या हॉटेलात सोय करतो’ ही दुसरी. ती वाईट नाही, पण हॉटेलचं नाव, खोलीचा प्रकार आणि जादा पैसे लागणार नाहीत हे लेखी आल्यावरच हो म्हणा. एकदा तिथं जाऊन राहिलात की पूर्ण परताव्याचा हक्क संपतो, खोली हलक्या दर्जाची असेल तर फरकापुरतंच बोलता येतं.

काउंटरवर पोचल्यावर कळलं तर

रात्री नऊला, पोरं पेंगुळलेली, बॅगा हातात आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘बुकिंग दिसत नाही.’ इथं एक वेगळा धोका आहे. वाद घालून तुम्ही निघून गेलात की हॉटेल त्यांच्या बाजूनं तुम्हाला ‘नो-शो’ म्हणजे ‘पाहुणा आलाच नाही’ अशी खूण करू शकतं. मग नॉन-रिफंडेबलची अट पुन्हा तुमच्याच गळ्यात.

म्हणून तिथून हलायच्या आधी, काउंटरसमोर उभं राहूनच संकेतस्थळाच्या ग्राहक सेवेला फोन लावा आणि तक्रार क्रमांक घ्या. हॉटेलचा फलक आणि काउंटर दिसेल असा फोटो काढा. टोलची नोंद, एसटीचं तिकीट, पेट्रोलची पावती टाकू नका. तुम्ही साताऱ्यात पोचला होतात, हे त्यावरून सिद्ध होतं. काउंटरवर लेखी मागा. बहुधा देणार नाहीत, तेव्हा तिथूनच ईमेल टाका.

तुमचे पैसे आत्ता कोणाकडे आहेत?

कार्डाच्या स्टेटमेंटवर कोणाचं नाव आलंय ते पाहा. हॉटेलचं आलं असेल तर पैसे थेट हॉटेलनं घेतलेत. संकेतस्थळाचं आलं असेल तर आधी परतावा संकेतस्थळानं द्यायचा, मग त्यांनी हॉटेलशी काय ते बघून घ्यावं. दोघंही एकमेकांकडं बोट दाखवतात, तेव्हा हे नाव उपयोगी पडतं. मेहुण्याच्या बाबतीत ते संकेतस्थळ होतं.

त्यांचं पहिलं उत्तर छापील होतं: ‘आपला दर नॉन-रिफंडेबल असल्याने धोरणानुसार परतावा देय नाही.’ अशा उत्तरानं बहुतेक लोक थांबतात. ते लिहिणाऱ्यानं तुमचा मजकूर वाचलेलाच नसतो. तिथं ग्राहक सेवेशी घोळत न बसता थेट तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर द्यावाच लागतो, त्यानं ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिनाभरात तक्रार निकाली काढायची असते. याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, जी फार कमी लोकांना माहीत असते: ई-कॉमर्स कंपनी एकतर्फी ऑर्डर रद्द करते तेव्हा तसाच भुर्दंड स्वतः सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही तिला रद्द करण्याचे पैसे घेता येत नाहीत. आम्ही पत्रात हे वाक्य घातलं आणि व्यवस्थापकाचा तो एक ओळीचा संदेश जोडला.

परतावा पूर्ण मागा, म्हणजे जीएसटी आणि सुविधा फीसकट. ‘कर सरकारला भरला’ हे कारण चालत नाही. आगाऊ रकमेची पावती दिली आणि सेवा दिलीच नाही, तर परताव्याचं व्हाउचर देण्याची सोय जीएसटी कायद्यातच आहे.

बँकेकडे चार्जबॅक

संकेतस्थळाच्या महिन्याभराची वाट पाहत बसू नका. कार्डानं दिलेले पैसे बँकेमार्फत परत मागायचे, याला चार्जबॅक म्हणतात आणि त्याची मुदत चालू असते. व्हिसा, मास्टरकार्डसारख्या कार्डाच्या जाळ्यांच्या नियमात, सेवा मिळायची होती त्या तारखेपासून साधारण १२० दिवस मिळतात, पण काही बँका स्वतःची मुदत त्याहून कमी ठेवतात. आम्ही लेखी नकार हातात येताच आठवड्यात अर्ज केला.

अर्जातला कारणाचा रकाना नीट भरा. तिथं ‘मी रद्द केलं, परतावा मिळाला नाही’ आणि ‘सेवा मिळालीच नाही’ असे वेगवेगळे पर्याय असतात. सवयीनं लोक पहिला निवडतात. तो निवडला की बँक तुमच्या रद्द करण्याच्या अटी पाहते आणि त्या तुमच्या विरोधात असतात. तुमचं कारण दुसरं आहे: सेवा मिळाली नाही. अर्जासोबत बुकिंगची पावती, तुमचा ईमेल, हॉटेलचा नकार आणि संकेतस्थळाचं उत्तर, एवढंच जोडा. चाळीस स्क्रीनशॉट पाठवलेत तर कामाचा एक त्यांच्यात हरवतो.

मेहुण्याच्या खात्यात काही दिवसांत १०,४०० रुपये तात्पुरते जमा झाले. इथं पेढे वाटायचे नसतात. समोरच्या बाजूला उत्तर द्यायची संधी असते आणि त्यांनी ती घेतली, दराच्या अटींचं पान पाठवलं. बँकेनं आमचं म्हणणं विचारलं. आम्ही तीन ओळी लिहिल्या: अटी ग्राहकानं रद्द केल्यास लागू आहेत, ग्राहकानं रद्द केलेलं नाही, हॉटेलचा नकार सोबत आहे. रक्कम कायम झाली. बँकेच्या अशा ईमेलला ठरल्या मुदतीत उत्तर दिलं नाही, तर जमा झालेले पैसे परत काढून घेतले जातात, म्हणून स्पॅमचा कप्पाही रोज बघा. मधल्या काळात संकेतस्थळानं स्वतःहून परतावा केला तर बँकेला कळवा, दोन्हीकडून घेऊ नका.

बँकेनं तक्रारीला ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं cms.rbi.org.in वरून जाता येतं. मात्र लोकपाल बँकेची चूक तपासतो, हॉटेलची नाही.

यूपीआयनं पैसे दिले असतील तर हा रस्ता अरुंद आहे. व्यापारी खात्यावर दिले असतील तर ॲपमध्ये त्या व्यवहारावर तक्रार नोंदवता येते. पण घरगुती निवासाच्या मालकाच्या खासगी नंबरवर ‘भाऊ, ॲडव्हान्स टाका’ म्हणून टाकलेले असतील, तर बँक फारसं काही करत नाही. मग पुढचाच मार्ग उरतो.

फरकाची रक्कम: इथं हिशोब चुकतो

मेहुण्यानं दुसरं हॉटेल थेट फोन करून घेतलं. दर ३,६०० रुपये, चार खोली-रात्रींचे १४,४०० आणि ५ टक्के कराचे ७२०, एकूण १५,१२० रुपये. तो म्हणाला, ‘दाजी, जुने १०,४०० आणि नवीन १५,१२० दोन्ही मागू.’ असं केलं तर त्याचा मुक्काम फुकटात झाला असता आणि ग्राहक आयोगासमोर आपलीच किंमत कमी झाली असती. त्याला खोल्या १०,४०० मध्ये पडायच्या होत्या, पडल्या १५,१२० मध्ये. परतावा मिळाल्यावर खरं नुकसान ४,७२० रुपये, तेवढंच मागायचं.

आणि पर्यायी खोली त्याच दर्जाची हवी. साध्या हॉटेलच्या बदल्यात कुणी रिसॉर्ट घेऊन फरक मागितला तर तो मिळणार नाही. म्हणून बुक करताना आजूबाजूच्या तीन हॉटेलांचे त्या दिवशीचे दर टिपून ठेवा. आपण उधळपट्टी केली नाही, हे मग दाखवता येतं.

चार्जबॅकमधून हा फरक मिळत नाही, तिथं भरलेले पैसेच परत येतात. फरकासाठी आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन: १९१५ वर फोन किंवा consumerhelpline.gov.in वर तक्रार. हे न्यायालय नाही, आदेश देत नाही. तक्रार कंपनीपर्यंत पोचवून उत्तर मागवतं. फुकट आहे आणि मोठी संकेतस्थळं याला उत्तर देतात. आमच्या तक्रारीनंतर हॉटेलनं १,५०० रुपये देऊ केले. नाकारले.

मग हॉटेल आणि संकेतस्थळ दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस, स्पीड पोस्टानं आणि ईमेलवर. वकिलाची गरज नाही. तारखा, आकडे, मागणी आणि ‘अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार’ एवढं दोन पानांत बसतं.

आयोगात जायची वेळ आली तर

हॉटेल साताऱ्यात म्हणून सांगलीकरानं साताऱ्याला खेटे घालायचे, असं आता राहिलेलं नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. म्हणजे मेहुण्यानं सांगलीत, आणि महाबळेश्वरच्या हॉटेलनं पुण्याच्या माणसाला फसवलं तर त्यानं पुण्यात. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. अर्ज e-jagriti.gov.in वरून ऑनलाइन भरता येतो. तक्रार मराठीत चालते, सोबत प्रतिज्ञापत्र आणि क्रमांक घातलेली कागदपत्रं लागतात. हॉटेल आणि संकेतस्थळ दोघांनाही सामनेवाले करा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याचं नाव घेऊन सुटू पाहतो. समोरच्याला उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५ मिळतात. कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो, प्रत्यक्षात तारखा लांबतात. मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च मागता येतो, पण दहा हजारांच्या खोलीसाठी दोन लाख मागू नका.

एक मर्यादाही सांगायला हवी. दरड कोसळून घाट बंद झाला, प्रशासनानं पर्यटनाला मनाई केली आणि हॉटेलही त्यामुळं बंद राहिलं, तर भरलेले पैसे परत मागता येतात, पण फरक मागायला आधार उरत नाही. कारण करार कोणी मोडला नाही, तो पार पाडणंच अशक्य झालं. आणि हॉटेल उघडं आहे, वाटही चालू आहे, फक्त पाऊस पाहून तुम्हीच निघाला नाहीत, तर ‘नॉन-रिफंडेबल’ तुमच्यावर पुरेपूर लागू.

आमची तक्रार आयोगापर्यंत गेलीच नाही. नोटीस पोचल्यावर बाराव्या दिवशी हॉटेलच्या मालकाचा फोन आला. ४,३०० चा तो स्क्रीनशॉट नोटिशीला जोडलेला होता, त्यानं तो पाहिला असावा. ४,००० वर तडजोड झाली. मी ७२० साठी अडून बसलो असतो. मेहुणा म्हणाला, ‘जाऊ द्या दाजी, दिवाळी तोंडावर आलीय.’ पैसे जमा झाल्यावरच त्यानं ‘तक्रार मिटली’ असं लिहून दिलं, आधी नाही.